नोकरी सोडल्यावर स्पर्धक कंपनीत जाऊ नये ही अट न्यायालय कशी तपासतं

प्रश्न: "सहा वर्षं एका कंपनीत औद्योगिक यंत्रांच्या विक्री विभागात होतो. नेमणूकपत्रात अट होती की नोकरी सोडल्यावर दोन वर्षं कोणत्याही स्पर्धक कंपनीत काम करायचं नाही. रीतसर राजीनामा दिला, नोटीस पीरियड पूर्ण केला आणि मागच्या महिन्यात स्पर्धक कंपनीत रुजू झालो. आता जुन्या कंपनीच्या वकिलाची नोटीस आली आहे: पंधरा दिवसांत ही नोकरी सोडा आणि करारानुसार दहा लाख भरा. मी सही केली होती हे खरं आहे. कोर्ट मला खरंच थांबवू शकतं का?"

तुमची सगळी भीती त्या सहीभोवती फिरते आहे, म्हणून आधी तिथेच सुरुवात करतो. नोकरीच्या बाबतीत मी गेली बावीस वर्षं दिवाणी न्यायालयांत कामगारांच्या, अधिकाऱ्यांच्या आणि कंपन्यांच्याही बाजूने उभा राहिलो आहे. या प्रकारच्या दाव्यात सही कोणी नाकारत नाही आणि न्यायाधीशही त्यावर वेळ घालवत नाहीत. सही केली म्हणजे करार झाला, इतकंच सिद्ध होतं. त्या करारातली ही विशिष्ट अट कायद्याला मान्य आहे का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २७ मध्ये आहे. कोणालाही कायदेशीर व्यवसाय, धंदा किंवा पेशा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो, असं ते कलम सांगतं. 'तेवढ्यापुरता' हा शब्द महत्त्वाचा. त्यामुळे तुमचं सगळं नेमणूकपत्र बाद होत नाही. गोपनीयतेची अट, कंपनीची कागदपत्रं परत करण्याची अट, ग्राहकांना फोडू नये ही अट, या आपापल्या जागी उभ्या राहतात. हे पुढे फार उपयोगी पडणार आहे, आणि कदाचित तुम्हाला अडचणीचंही ठरेल.

इंटरनेटवर तुम्ही या विषयावर वाचलं असेल तर 'अट वाजवी असेल तर चालते' असं वाक्य नक्की भेटलं असेल. दोन वर्षं वाजवी, पाच वर्षं अवाजवी. एक शहर वाजवी, सगळा देश अवाजवी, अशी मांडणी. ही मांडणी इंग्लंडच्या कायद्याची आहे. तिथे १८९४ पासून न्यायालयं अशा अटीचा काळ, प्रदेश आणि गरज मोजतात. आपल्याकडे नोकरी संपल्यानंतरच्या बंधनाला ही मोजपट्टी लागतच नाही. १८७४ मध्येच कलकत्ता उच्च न्यायालयाने माधवचंद्र पोरामाणिक यांच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. दोन दुकानदारांमधला वाद होता, बंदी फक्त शहराच्या एका भागापुरती होती आणि युक्तिवाद असा होता की थोडीशी बंदी म्हणजे बंदी नव्हे. मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काऊच यांनी तो मानला नाही. कलमात 'पूर्णपणे रोखणारा' असं म्हटलेलं नाही, नुसतं 'रोखणारा' म्हटलं आहे, असं त्यांनी दाखवून दिलं. पुढे १९५८ मध्ये विधी आयोगाने शिफारस केली की वाजवी बंधनांना मुभा द्यावी आणि कलम बदलावं. संसदेने तो बदल आजवर केलेला नाही. म्हणून 'दोनच वर्षं तर आहेत' हा कंपनीचा युक्तिवाद ऐकायला समंजस वाटला तरी इथे त्याला जागा नाही.

मग न्यायाधीश पाहतात काय? पहिला प्रश्न काळाचा असतो. हे बंधन करार चालू असतानाचं आहे की करार संपल्यानंतरचं? हा फरक नीट समजण्यासाठी दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत. दोन्ही सर्वोच्च न्यायालयाचे आहेत. एकात कर्मचारी हरला, दुसऱ्यात कंपनी हरली, आणि तुमच्याविरुद्धच्या नोटिशीत बहुधा पहिल्याचाच उल्लेख असेल.

पहिला १९६७ चा, निरंजन शंकर गोलिकरी यांचा. कल्याणच्या कारखान्यात टायरसाठी लागणारा कॉर्ड धागा बनत होता. त्याचं तंत्र परदेशी कंपन्यांकडून करार करून आणलेलं होतं आणि ते गुप्त ठेवण्याचं बंधन भारतीय कंपनीवरही होतं. गोलिकरी तिथे शिफ्ट सुपरवायझर म्हणून पाच वर्षांच्या करारावर लागले. मार्च ते डिसेंबर १९६३ या काळात त्यांना त्या प्रक्रियेचं प्रशिक्षण मिळालं. दीड वर्षातच, १९६४ च्या उत्तरार्धात, ते करार अर्ध्यावर टाकून कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात जास्त पगारावर गेले. त्यांच्या करारात लिहिलं होतं की मुदत संपण्याआधी सोडलं तर उरलेल्या मुदतीत दुसरीकडे असं काम करायचं नाही. न्यायालयाने मनाई कायम ठेवली. मात्र ती मार्च १९६८ पर्यंतच होती, म्हणजे त्यांनी स्वतः कबूल केलेली पाच वर्षं संपेपर्यंत. काळ, कामाचं स्वरूप आणि प्रदेश या तिन्ही बाबतींत ती मर्यादित होती, याची नोंद न्यायालयाने मुद्दाम केली.

दुसरा १९८० चा, क्रिशन मुरगई यांचा. मालाची तपासणी करून प्रमाणपत्रं देणारी कंपनी होती आणि मुरगई तिच्या दिल्ली शाखेचे व्यवस्थापक. नेमणुकीत अट अशी की कंपनी सोडल्यावर, शेवटच्या नेमणुकीच्या ठिकाणी, दोन वर्षं स्पर्धक कंपनीत नोकरी करायची नाही आणि तसा धंदाही करायचा नाही. म्हणजे जवळजवळ तुमचीच अट, उलट एका शहरापुरती असल्याने अधिक सौम्य. १९७८ च्या अखेरीस कंपनीने त्यांना काढलं आणि त्यांनी दिल्लीतच त्याच प्रकारचं काम स्वतःच्या नावाने सुरू केलं. कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि हरली.

हा निकाल वकीलसुद्धा अर्धवट सांगतात, म्हणून एक खुलासा करतो. तीन न्यायमूर्तींपैकी दोघांनी हा वाद शब्दाच्या अर्थावर सोडवला. अटीत 'कंपनी सोडल्यावर' असं होतं. सोडणं म्हणजे आपणहून सोडणं. मुरगईंना काढलं होतं, म्हणून अट लागूच होत नाही, असं त्यांनी म्हटलं. नोकरीनंतरचं बंधन कलम २७ खाली रद्दबातल आहे, वाजवी असलं तरीही, हे सविस्तर विवेचन न्यायमूर्ती ए. पी. सेन यांच्या स्वतंत्र निकालपत्रात आहे. तुम्ही आपणहून राजीनामा दिला आहे. त्यामुळे समोरचा वकील हुशार असेल तर 'मुरगईंचा निकाल तुम्हाला लागू नाही' असं म्हणेल. त्यावर उत्तर आहे. २००६ मध्ये क्रिकेटपटू झहीर खान आणि त्यांची जुनी व्यवस्थापन कंपनी यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा थेट घेतला. करार संपल्यानंतर लागू होणारं बंधन कलम २७ मध्ये बाद होतं, तिथे वाजवीपणाची कसोटी लागत नाही, आणि हे तत्त्व फक्त नोकरीच्या करारापुरतं नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. त्या करारातली अट तर सरळ बंदीचीही नव्हती. मुदत संपल्यावर दुसऱ्या कोणाचा प्रस्ताव आला तर तो आधी आम्हाला दाखवा, एवढीच होती. तीही टिकली नाही.

आता तुमच्या नोटिशीकडे पाहा. गोलिकरींच्या निकालाचा आधार घेतलेला असेल तर तुमच्या वकिलाने एकच प्रश्न विचारायचा: तुमचा करार ठरावीक मुदतीचा होता का? तुमच्या वर्णनावरून तो बेमुदत, नेहमीच्या नोकरीचा दिसतो. नोटीस पीरियड तुम्ही पूर्ण केला आहे. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही कार्यमुक्त झालात त्या दिवशी करार संपला आणि त्यानंतरचा एकेक दिवस मुरगईंच्या बाजूला पडतो. नोटीस पीरियड अर्धवट टाकून गेला असतात तर मी इतक्या ठामपणे बोललो नसतो. त्या उरलेल्या दिवसांत तुम्ही जुन्या कंपनीचे कर्मचारीच आहात असा युक्तिवाद होऊ शकतो, आणि एकाच वेळी दोन स्पर्धकांकडे काम करणं कोणतंही न्यायालय खपवून घेत नाही. कार्यमुक्तीचं पत्र हातात असेल तर ते जपून ठेवा. पत्र दिलं नसेल तर राजीनाम्याचा ई-मेल, तो स्वीकारल्याचं उत्तर आणि शेवटच्या दिवसाचा पगार जमा झाल्याची बँकेची नोंद, एवढं पुरतं.

काही कंपन्या ही रेषा ओलांडण्यासाठी वेगळी वाट काढतात. नोकरी संपल्यावर काही महिने घरी बसा, आम्ही पगार देतो, पण दुसरीकडे जायचं नाही. 'पगार देतोय ना, मग उपजीविका कुठे बुडाली' असा त्यामागचा विचार. मुंबई उच्च न्यायालयापुढे २००७ मध्ये असा तीन महिन्यांचा मामला आला होता. पैसे दिल्याने बंधनाचं स्वरूप बदलत नाही, नोकरी संपल्यानंतरचं ते बंधनच आहे, असं न्यायालयाने प्रथमदर्शनी मत दिलं आणि मनाई नाकारली. मात्र नोटीस पीरियड चालू असताना कंपनीने पगार देऊन तुम्हाला कामावरून दूर ठेवलं असेल, तर ते वेगळं. तेव्हा करार जिवंत असतो.

आता दहा लाखांबद्दल. ही रक्कम कशाच्या भंगाबद्दल मागितली आहे, ते करारातलं वाक्य काढून पाहा. ती स्पर्धक कंपनीत गेल्याबद्दलची असेल, तर मूळ अटच रद्दबातल असताना तिच्या भंगाचा दंड कशावर उभा राहणार? पण ती रक्कम ठरावीक वर्षं सेवा न केल्याबद्दलची, म्हणजे ज्याला आपण बाँड म्हणतो तशी असेल, तर सावध व्हा. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षं सेवा न केल्यास दोन लाख भरण्याचा बाँड वैध ठरवला. कारण पुन्हा तेच: ते बंधन नोकरीच्या मुदतीतलं होतं, नंतर कुठे काम करायचं यावर त्यात बंदी नव्हती. तुमची सहा वर्षं झाली आहेत, त्यामुळे बाँड असला तरी बहुधा कधीच फिटला असेल. आणि बाँड लागू असला तरी कलम ७४ प्रमाणे आकडा लिहिला म्हणून तेवढा मिळतोच असं नाही. तो कमाल आकडा असतो, न्यायालय त्याच्या आत राहून वाजवी भरपाई ठरवतं.

इथपर्यंत वाचून तुम्हाला हायसं वाटलं असेल. पण मी स्वतः जेव्हा अशा अशिलाची पहिली भेट घेतो, तेव्हा स्पर्धाबंदीच्या अटीवर पाच मिनिटं बोलतो आणि उरलेला तासभर एकाच गोष्टीवर: शेवटच्या महिन्यात तुम्ही काय केलंत? कारण दावा दाखल होतो तो अटीच्या नावाने, पण निकाल लागतो तो तुम्ही सोबत काय नेलं यावर. आपल्याकडे व्यापारी गुपितांचा स्वतंत्र कायदा अजून नाही. विधी आयोगाने २०२४ मध्ये तसा मसुदा सुचवला, पण आज न्यायालयं करारातली गोपनीयतेची अट, विश्वासभंगाचं तत्त्व, कॉपीराइट आणि संगणकातील माहिती परवानगीशिवाय काढून घेण्याबद्दलचं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ यांच्या आधारे काम भागवतात. आणि नीट भागवतात. कलम २७ इथे तुमच्या मदतीला येत नाही, कारण दुसऱ्याच्या फायली वापरू नका असं सांगणं म्हणजे व्यवसायापासून रोखणं नव्हे.

काही वर्षांपूर्वीचं माझ्याकडचं एक प्रकरण सांगतो, ओळख पटेल असे तपशील बदलून. अशील पाण्यावर प्रक्रिया करणारी रसायनं विकणाऱ्या कंपनीचे विभागीय विक्रीप्रमुख होते. अट अठरा महिन्यांची. त्यांनीही तुमच्यासारखाच नोटीस पीरियड पूर्ण केला आणि स्पर्धकाकडे गेले. नोटीस आली तेव्हा त्यांनी एका मित्राचं ऐकून ती कपाटात ठेवून दिली, कारण 'अशी अट चालतच नाही'. कंपनीने दावा लावला, तातडीचा अर्ज केला आणि समोर कोणीच नसल्याने पहिल्याच तारखेला एकतर्फी अंतरिम मनाई मिळवली. तो हुकूम नव्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडे पोहोचताच त्यांना घरी बसवलं गेलं. माझ्याकडे ते त्यानंतर आले.

आम्ही हुकूम उठवण्याचा अर्ज केला आणि तिसऱ्या आठवड्यात सुनावणी झाली. कलम २७ चा मुद्दा मांडायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत. पण मग समोरच्या वकिलांनी कंपनीच्या सर्व्हरवरच्या नोंदींचा कागद पुढे केला. कार्यमुक्त होण्याच्या चार दिवस आधी माझ्या अशिलाने आपल्या खासगी ई-मेलवर एक तक्ता पाठवला होता. त्यात प्रत्येक ग्राहकाला दिलेली सवलत आणि प्रत्येकाचा वार्षिक पुरवठा करार कोणत्या महिन्यात संपतो, हे होतं. अशिलाने मला हे सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाले, 'इन्सेंटिव्हचा हिशोब राहिला होता, म्हणून घेतला.' ते खरंही असेल. त्या एका ओळीने मात्र कोर्टातलं वातावरण बदलून गेलं.

त्या तक्त्याची फोड न्यायाधीशांनी फार नेमकेपणाने केली आणि मी आजही अशिलांना तीच समजावतो. ग्राहकांची नावं गुपित नव्हती. त्या प्रदेशात कोणते कारखाने हे रसायन वापरतात हे बाजारात कोणालाही माहीत असतं. यंत्रणा कशी चालते, ग्राहकाशी कसं बोलावं, कोणत्या तक्रारीला काय उपाय, हे अशिलाचं वर्षानुवर्षांचं कसब होतं आणि कसब माणसापासून काढून ठेवता येत नाही. पण कोणाला किती टक्के सवलत आणि कोणाचा करार कधी संपतो, हे बाहेरच्याला कळण्याचा मार्ग नव्हता आणि स्पर्धकाच्या हातात ते पडलं तर तो नेमक्या महिन्यात नेमका भाव घेऊन दारात उभा राहू शकत होता. ती माहिती कंपनीची. हुकूम अशा प्रकारे बदलला गेला: नोकरीवरची मनाई पूर्ण उठली, तक्ता आणि त्याच्या सगळ्या प्रती न्यायालयात जमा करायच्या, त्यातली माहिती वापरायची नाही, आणि त्या तक्त्यातल्या ग्राहकांकडे त्या वर्षाच्या नूतनीकरणासाठी आपणहून जायचं नाही. नोकरी वाचली. पण ज्या ग्राहकांसाठी नव्या कंपनीने त्यांना घेतलं होतं, त्यांच्याकडेच वर्षभर जाता येईना, आणि नव्या साहेबांचा विश्वासही थोडा कमी झाला. एका ई-मेलची ही किंमत होती. मला आजही वाईट वाटतं, कारण ती फाइल नसती तर त्या दाव्यात कंपनीच्या हाती काहीच नव्हतं.

उच्च न्यायालयांचे निकालही याच दिशेने जातात. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये डेसिकंट रोटर्सच्या प्रकरणात स्पर्धक कंपनीत काम करण्यावर मनाई द्यायला नकार दिला, पण जुन्या कंपनीच्या ग्राहकांना आणि पुरवठादारांना गळ घालण्यावरची मनाई कायम ठेवली. त्याच न्यायालयाने १९९५ मध्ये बर्लिंग्टनच्या प्रकरणात ग्राहकांची संकलित यादी कॉपीराइटखाली संरक्षित मानली होती. उलट २००६ मध्ये अमेरिकन एक्सप्रेस बँकेच्या प्रकरणात, ग्राहकांची नावं-पत्ते गोपनीय आहेत एवढ्याच कारणावरून कर्मचाऱ्याला नोकरी बदलण्यापासून रोखता येत नाही, असं म्हटलं. वाचताना हे निकाल एकमेकांशी भांडताहेत असं वाटतं, पण प्रत्येक ठिकाणी पाहा: माणूस सुटतो, वस्तू अडते.

म्हणून तुमच्या नेमणूकपत्रात आणखी दोन अटी आहेत का, ते शोधा. एक गोपनीयतेची, दुसरी ग्राहकांना किंवा सहकाऱ्यांना न फोडण्याची. दुसरी असेल तर तिच्याबद्दल न्यायालयांचं मत स्पर्धाबंदीपेक्षा बरंच मऊ आहे. सगळे न्यायाधीश एकाच तऱ्हेने जातात असं मी म्हणणार नाही, पण तुम्ही स्वतः फोन करून जुन्या ग्राहकाला बोलावणं आणि ग्राहकाने स्वतःहून तुमच्या नव्या कंपनीकडे चौकशी करणं, यातला फरक ते नक्की करतात. विक्रीतल्या माणसाला हे अवघड जातं, हे मला कळतं. तरी पुढचे काही महिने जुन्या ग्राहकाशी पहिला संपर्क तुमच्याकडून होऊ देऊ नका, आणि तो त्याच्याकडून झाला तर त्याचा ई-मेल जपून ठेवा.

आता पंधरा दिवसांचं पाहू. कंपनी गेलीच तर पूर्ण खटला लढण्यासाठी जात नाही. खटला चालून निकाल लागेपर्यंत तिची दोन वर्षं केव्हाच संपलेली असतात. तिला हवी असते ती तात्पुरती मनाई, तीही पहिल्याच आठवड्यात. त्या अर्जावर न्यायालय तीन गोष्टी पाहतं: प्रथमदर्शनी हक्क आहे का, मनाई दिल्याने किंवा नाकारल्याने कोणाची गैरसोय जास्त होईल, आणि पैशाने भरून न येणारं नुकसान होतंय का. कलम २७ मुळे पहिल्याच पायरीवर कंपनी अडखळते. दुसऱ्या पायरीवर तुमचा पगार बंद होणं आणि तिची काही गिऱ्हाइकं जाणं, यांची तुलना होते. तिसऱ्या पायरीवर मजेशीर गोष्ट अशी की करारात दहा लाखांचा आकडा लिहून कंपनीने स्वतःच कबूल केलेलं असतं की तिचं नुकसान पैशात मोजता येतं. हा मुद्दा तुमच्या वकिलाने जरूर मांडावा.

पण हे सगळं मांडायला तुम्ही तिथे हजर हवेत. त्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खाली कॅव्हेट दाखल करा. तुम्हाला सूचना दिल्याशिवाय अर्जावर हुकूम करू नये, अशी ती विनंती असते. ती नव्वद दिवस टिकते, नंतर पुन्हा दाखल करावी लागते. कंपनी कोणत्या न्यायालयात जाईल हे करारातल्या अधिकारक्षेत्राच्या अटीवरून ताडता येतं. तुमचं कामाचं ठिकाण आणि कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय वेगळ्या जिल्ह्यांत असतील तर दोन्हीकडे टाका. करारात लवादाची अट असेल, तर लवाद नेमण्याआधीही कंपनी लवाद कायद्याच्या कलम ९ खाली न्यायालयात येऊन मनाई मागू शकते, हे वकिलाच्या कानावर घाला.

कॅव्हेटच्याही आधी एक काम आज संध्याकाळीच करा. तुमचा खासगी ई-मेल, फोन, पेन ड्राइव्ह, घरचा संगणक, गूगल ड्राइव्ह, व्हॉट्सअ‍ॅपवरचे जुने ग्रुप, सगळं शोधा. जुन्या कंपनीचं काही सापडलं तर उघडून वाचत बसू नका, नव्या कंपनीच्या संगणकावर तर अजिबात घेऊ नका, आणि कृपा करून पुसू नका. लोक घाबरून पुसतात. पाठवल्याची नोंद कंपनीच्या सर्व्हरवर राहतेच; मग पुसल्याचीही नोंद समोर येते आणि जी नुसती चूक होती ती लबाडी ठरते. काय सापडलं याची यादी करून ती वकिलाकडे द्या. नोटिशीच्या उत्तरातच 'ही फाइल माझ्याकडे राहिली होती, मी ती वापरलेली नाही, तुम्ही सांगाल त्या पद्धतीने परत करतो' असं लिहिलं, तर न्यायाधीशांसमोर तुमची उभी राहण्याची जागाच बदलते. पुढच्या दोन-तीन प्रकरणांत मी हे केलं आणि त्यांतल्या एकात तर दावाच दाखल झाला नाही.

एक अपवादही सांगून ठेवतो. जुन्या कंपनीत तुमचे शेअर्स होते आणि बाहेर पडताना ते विकले, किंवा तुमचा स्वतःचा छोटा धंदा त्या कंपनीने विकत घेऊन तुम्हाला नोकरीवर ठेवलं होतं, असं काही असेल तर वर लिहिलेलं बरंचसं बाजूला ठेवावं लागेल. धंद्याची नावलौकिकासह विक्री झाली की विकणाऱ्यावर ठरावीक प्रदेशात तोच धंदा न करण्याची वाजवी अट घालता येते, असा अपवाद कलम २७ मध्येच आहे, आणि वाजवीपणाची मोजपट्टी आपल्याकडे येते ती तिथे. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही, म्हणून मी साधी नोकरी गृहीत धरली आहे.

नोटिशीला उत्तर मात्र मुदतीतच जाऊ द्या, आणि ते लहान ठेवा. नोटीस पीरियड पूर्ण केल्याची तारीख. नोकरीनंतरची बंदी कलम २७ खाली रद्दबातल असल्याने ती मान्य नाही. गोपनीयतेचं बंधन मान्य आहे आणि पाळलं जात आहे. दहा लाखांची मागणी नाकारली आहे. एवढ्या चार गोष्टी. जुन्या साहेबांनी कसा त्रास दिला, बढती कशी नाकारली, हे त्यात येऊ देऊ नका, कारण ते उत्तर पुढे न्यायालयात त्यांच्याच दाव्याला जोडून येतं. आणि नव्या कंपनीला नोटिशीबद्दल तुम्ही स्वतः सांगा. दाव्यात तिलाही बहुतेक प्रतिवादी करतात, आणि तिला हे समन्स घेऊन आलेल्या बेलिफाकडून कळण्यापेक्षा आधी तुमच्याकडून कळलेलं बरं.